फुटाळ्यातली हर्षा

प्रमोदिनी मॅडमबद्दल कोराडीच्या वसाहतीत काय काय बोलतात! नवऱ्याचीही हजेरी घेतात म्हणे. ते असो. पण शाळेच्या भिंतीसमोर उभ्या राहून त्या रडल्या, हे मात्र खरं.

शाळेत तिसरी ते पाचवीची मुलं वाचनाच्या तासाला इयत्ता विसरून बसायची. मॅडमनी एकेकाला बाजूला घेऊन वाचायला लावलं. कोणी अक्षरांवर अडलेलं, कोणी शब्दांवर, कोणी अख्खी गोष्ट वाचणारं. तसे गट केले, वरून खाली नावं दिली: संत्रा, पेरू, बोर. मधल्या सुट्टीपर्यंत ‘बोर’ ही शिवी झाली. मग त्याच क्रमानं नागपूरच्या तलावांची नावं आली: अंबाझरी, गोरेवाडा, फुटाळा. तीही टिकली नाहीत. पाचवीतला गोलू ओरडला, “फुटाळ्यातले बुडाले रे!”

चौथीतली हर्षा फुटाळ्यातली. त्या दिवसापासून तिनं तोंडच मिटलं. मॅडमनी तिला चित्रं दाखवली, जवळ घेतलं, पुष्कळ विनवलं. शेवटी मॅडमच्या कानाशी, कुजबुजत का होईना, ती छोटा उतारा वाचू लागली.

“उद्यापासून तू गोरेवाड्यात बसजो वं!” मॅडम हरखल्या.

हर्षानं व्हरांड्याकडे बोट दाखवलं. “पण तिथं तर मी फुटाळ्यातच आहे.”

मुख्याध्यापक भैयाजी सरांनी, पाहुणे येणार म्हणून, तिथल्या भिंतीवर तिन्ही गट मुलांच्या नावांसकट ऑइलपेंटनं रंगवून घेतले होते.

“काहून रंगवलं सर हे? पोरं पुढं सरकतात ना!”

“सरकू द्या. पुढच्या वर्षी नवीन रंगवू. पेंटर आपला साळाच आहे.”

मॅडमचे डोळे भरले, ते दुःखानं नव्हे, चिडून. घरच्या खिडक्यांचा उरलेला हिरवा रंग आणून त्यांनी पाहुणे यायच्या आत अख्खी भिंत माखून टाकली.

“आता पाहुण्यांले काय दाखवू? हिरवी भिंत?”

“पोरं दाखवा.”

नावं संपली. आता मॅडम रोज फक्त सांगायच्या, कोणी कोणत्या चटईवर काय वाचायचं. स्वतःही जागा बदलत. तासाच्या शेवटी तर सगळ्यांनी मिसळून, ऐकलेल्या गोष्टीवर बोलायचं. तिथं गोलूची फजिती झाली. गोष्ट त्यानंच घडाघड वाचून दाखवलेली, पण कोल्हा का पळाला ते काही सांगता येईना. मॅडमनी त्याला हर्षाशेजारी बसवलं.

“मॅडम, हा कोणता गट?” गोलूनं विचारलं.

“नाव नाही गा त्याले.”

“मग आम्ही कोण?”

मॅडमनी कपाळावर हात मारला. संध्याकाळपर्यंत हा गोलू ‘बिननावाचे’ म्हणून नवी शिवी काढणार, हे त्यांना दिसतच होतं. तेवढ्यात शेजारून आवाज आला, कुजबुजता नव्हे, चांगला खणखणीत.

“कोल्हा भुकेला नव्हता, घाबरला होता. सरक थोडा, चटई सारी तूच घेतली!”

हर्षा होती ती.