खोडलेला दोन एक्स

तेव्हा मी साताऱ्यातून रोज एसटीने कोरेगावला जायचे. तिथल्या एका ज्युनिअर कॉलेजात बारावीला गणित शिकवायचे. नोकरीचं ते पहिलंच वर्ष होतं.

पूर्वपरीक्षेचे पेपर तपासून झाले, निकाल लागला आणि बोर्डाच्या परीक्षेआधीची सुट्टी लागली. एका रविवारी दुपारी मी घरी मुलांच्या सरावाच्या वह्या बघत बसले होते. वर्गातल्या सर्वात नेटक्या मुलीची वही हातात आली. तिचे वडील फौजेतून निवृत्त झालेले हवालदार. वहीत डेरिव्हेटिव्हच्या, म्हणजे बदलाचा वेग काढायच्या, सगळ्या गणितांत तिने आधी काहीतरी लिहून मग पेन्सिलीने खोडलं होतं. समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'मॅडमच्या पद्धतीने'.

खोडलेलं वाचलं. प्रत्येक ठिकाणी तिने आतल्या पदाच्या डेरिव्हेटिव्हने केलेला गुणाकार खोडला होता.

मग मला आठवलं. निकालाच्या दिवशी ती पेपर घेऊन आली होती. "मॅडम, माझं कुठं चुकलं?" प्रश्न होता एक्स वर्ग अधिक नऊ याच्या वर्गमुळाचा. एक्स चार असताना डेरिव्हेटिव्ह किती? तिचं उत्तर चार पंचमांश. मी उत्तरसूची उघडली, तिथे एक दशांश होतं. "तू उगीच दोन एक्सने गुणलंयस," एवढं म्हणून मी पेपर परत दिला. ती "हो मॅडम" म्हणून गेली.

उत्तरसूची मीच केली होती, स्टाफरूममध्ये, घाईत.

मी कॅल्क्युलेटर घेतला. एक्स चार धरला, तर ते वर्गमूळ बरोबर पाच येतं. चारऐवजी चार पूर्णांक एक दशांश घातलं, तर पाच पूर्णांक शून्य आठ आलं. एक्स शून्य पूर्णांक एकने वाढला आणि वर्गमूळ शून्य पूर्णांक शून्य आठने वाढलं, म्हणजे जवळजवळ आठ दशांश पट. माझ्या उत्तराप्रमाणे ते फक्त शून्य पूर्णांक शून्य एकने वाढायला हवं होतं. आकड्यांनी मला खोटं पाडलं. मी बाहेरच्या वर्गमुळाचा वेग धरला होता, आतली रक्कम त्या ठिकाणी एक्सच्या आठपट वेगाने वाढतेय हे सोडून दिलं होतं. आतल्या पदाच्या वेगानेही गुणायचं, हा चेन रूल मी वर्गाला तीन तास शिकवला होता आणि स्वतःच विसरले होते.

परीक्षेला आठ दिवस उरले होते. विभागप्रमुखांना फोन केला. ते म्हणाले, "गुण दुरुस्त करू. आधी मुलांना कळवा." वर्गाच्या ग्रुपवर चूक आणि खुलासा टाकला. एकेक जण 'ओके मॅडम' करत होता. तिचं उत्तर आलं नाही. वडिलांना फोन लावला.

"तिचा फोन ठेवून घेतलाय मी," ते म्हणाले. "अभ्यासाला मामाकडं गेलीया, सांगलीजवळ माधवनगरला. काय झालं मॅडम?"

"माझ्याकडून तिला चुकीचं शिकवलं गेलंय. मला तिला भेटायचंय."

"फोनवर सांगता यायचं न्हाई व्हय?"

"नाही. तिने ते आठवडाभर गिरवलंय."

दुसऱ्या दिवशी मी सांगलीची गाडी धरली. वाटेत सारखं वाटत होतं, आता ती माझ्यावर विश्वास का ठेवेल? आणि ठेवलाच, तर ते तरी बरं का?

मामांच्या घरी ती सतरंजीवर बसून गणितंच सोडवत होती. मी सगळं सांगितलं, माफी मागितली. तिने मान खालीच ठेवली.

"मग माझं पहिलं बरोबर व्हतं?"

"बरोबर होतं."

"मला तसंच वाटलं व्हतं. पण तुमी म्हणालात."

मी कॅल्क्युलेटर पुढे सरकवला. "माझंही ऐकू नकोस. चार पूर्णांक एक घालून बघ." तिने बघितलं. मग मी साइन तीन एक्सचा वेग काढायला दिला, एक्स शून्य असताना. तिने कॅल्क्युलेटर कोनाच्या अंशांवरून रेडियनवर केला, एक्सला एक दशांश घातला आणि आकडा वाचला, "शून्य पूर्णांक दोन नऊ पाच." जरा थांबून म्हणाली, "म्हणजे वेग तीनच्या आसपास. नुसतं कॉस तीन एक्स लिहिलं तर एकच येतंय. आतला तीन पायजेच."

त्यानंतर तिने मला न विचारता पाच गणितं केली आणि प्रत्येकाला आकडा घालून पडताळलं. चौथ्यात आतलं पद पुन्हा विसरली. पडताळा जुळेना, तेव्हा स्वतःच मागे गेली आणि चूक शोधली.

निघताना मामींनी चहा दिला. परीक्षेत ती सवय पुन्हा उलटली तर, हा घोर परतीच्या गाडीत काही सुटला नाही. पेपरच्या दिवशी मी परीक्षा केंद्राच्या फाटकाबाहेर उभी होते. ती बाहेर आली, माझ्याजवळ थांबली.

"एकदा खोडलं मॅडम," ती म्हणाली, "पण मग आकडा घालून बघितला आणि परत लिवलं."