माझाच दरवाजा बंद

तळोज्याच्या नव्या इमारतींना इंटरनेट देणाऱ्या एका छोट्या कंपनीत मी नेटवर्क सांभाळत होते. मालक जवळच्याच ओवे गावचे; त्यांनी केबल टीव्हीपासून सुरुवात केलेली. त्यांच्या हाताखाली मी एकटीच इंजिनियर, म्हणून स्वतःला जरा जास्तच शहाणी समजायचे.

आमचा जुना त्रास पत्त्यांचा. इंटरनेटवर प्रत्येक यंत्राला आकड्यांचा पत्ता लागतो, आणि जुन्या पद्धतीचे पत्ते संपत आले होते. आमच्याकडे शंभर घरांत मिळून एक पत्ता. आतून बाहेर जाता यायचं, पण बाहेरून कुणी आलं तर शंभरातल्या कोणत्या घरात जायचं ते कळायचं नाही. नव्या पद्धतीत पत्ते वाट्टेल तेवढे.

हे सगळं ऐरणीवर आलं ते एका पाळणाघरामुळे. ते चालवणारी ताई मूळची उरणच्या कोळीवाड्यातली, आता तळोज्यात दुसऱ्या मजल्यावर. मुलांच्या खोलीत तिने कॅमेरा बसवला होता, पण ऑफिसातून आईबापांना तो दिसेना. दोन आयांनी सांगितलं, सोमवारपर्यंत दिसला नाही तर मुलं खारघरला हलवू. सात मुलांतली दोन गेली तर पाळणाघर बंदच करावं लागेल, असं ताईने मला सरळ सांगितलं. "आमी काय करू, मॅडम? घरात बसून चालनार नाय."

मालकांना सोपा उपाय हवा होता. "नवा पत्ताच दे फकस्त. जुनं कशाला पाहिजे?" मी तसं केलं, आणि मध्ये भाषांतर करणारं यंत्र बसवलं. ताईचा लॅपटॉप नवे पत्ते बोलायचा, समोरची जुनी साइट जुने. आमचं यंत्र दुभाष्यासारखं मध्ये. लॅपटॉप छान चालला. पण मुलांना कार्टून दाखवणारा टीव्हीचा डबा जुना. त्याला नवा पत्ता घेताच येईना, मग दुभाष्या काय करणार? दुपारी सात मुलं एकसुरात रडली. ताई म्हणाली, "मॅडम, तुमचा नवीन इंटरनेट लय शांत हाय, पोरं नाय." मी भाषांतर गुंडाळलं आणि घराला दोन्ही पत्ते शेजारी शेजारी दिले. डब्याने जुना घेतला, कॅमेऱ्याने नवा.

आता आमचीच अडचण. ज्या मोठ्या कंपनीकडून आम्ही इंटरनेट घ्यायचो, तिच्याकडे नवी पद्धत आलीच नव्हती. म्हणून मी बोगदा केला: नव्या पद्धतीचं पॅकेट, म्हणजे माहितीचा एक तुकडा, जुन्याच्या पोटात घालून पाठवायचं, पलीकडे ते बाहेर काढायचं. आयांच्या फोनवर नवी पद्धत आधीच होती. शनिवारी सकाळी पाळणाघरात जाऊन मी माझ्या फोनवरून पाहिलं: कॅमेऱ्याचं पासवर्ड विचारणारं पान लगेच उघडलं, पिंगला, म्हणजे 'आहेस का?' या हाकेलाही उत्तर. पासवर्ड दिला आणि पांढरा पडदा. चित्र नाही.

मी तिथेच मुलांच्या खोलीत जमिनीवर बसले. कॅमेरा बदलायचा सल्ला देणार होते, इतकी चिडलेले. मग डोक्यात आलं: छोटं येतंय, मोठं अडकतंय. दुसऱ्या पॅकेटचं आवरण अंगावर चढल्यामुळे बोगद्यातून थोडं लहान पॅकेटच जातं. नव्या पद्धतीत वाटेतला राउटर मोठं पॅकेट फोडत नाही; "मोठं आहे, लहान कर" असा निरोप पाठवणाऱ्याला परत धाडतो. आणि तसले सगळे निरोप इमारतीच्या राउटरवर कुणी अडवले होते? मी. पिंगच्या निरोपांखेरीज असलं सगळं बंद ठेवायचं, ही माझी जुनी, अभिमानाची सवय. जुन्या जगात खपून गेली होती. कॅमेरा बिचारा मोठी पॅकेटं पाठवत राहिला, त्याला कुणी थांबवलंच नाही.

मी तो नियम काढला आणि लाजेने डोकं धरून बसले. कपाळ भिंतीवर आपटावंसं वाटत होतं.

एवढ्यात ताईचा फोन वाजला. त्या दोन आयांपैकी एक, शनिवारच्या ड्युटीवर, लिंक उघडून बसली होती. ताईने फोन स्पीकरवर टाकला.

"ताई, दिसतंय! माझा पिंट्या कोपऱ्यात ब्लॉक चावतोय. पण त्या खाली डोकं धरून बसलेल्या बाई कोण?"

ताईने माझ्याकडे पाहिलं. "त्या? त्या आमच्या इंजिनियर हायत. इंटरनेट त्यांनीच चालू केलंय."

"आणि बंद कुणी केलेलं?" मी पुटपुटले.

ताईने फोनवर हात ठेवला. "तेवढं नाय सांगायचं," ती म्हणाली, आणि पिंट्याच्या तोंडातला ब्लॉक काढून माझ्या हातात दिला. सोमवारी सातही मुलं आली.