शफीभाईची कात्री

चांद्यात जटपुरा गेटाजवळ शफीभाईचं एवढंसं दुकान होतं. नागपूरच्या पेपराला जाहिराती पाठवायच्या, हा धंदा. बैल हरवला, घर भाड्यानं देणे आहे, मास्तर पाहिजे, काहीही असो, माणूस शफीभाईपाशी यायचा आणि तास-तासभर सांगत बसायचा. शफीभाई मान हलवत ऐकायचा आणि त्या पुराणातून बोटभर मजकूर काढून द्यायचा. गावात म्हणायचे, शफीभाईच्या हाती रामायण द्या, तो 'सीता सापडली' एवढंच ठेवून बाकीचं परत करेल.

दुकानाच्या मागंच घर. मध्ये गोणपाटाचा पडदा. पडद्याआड हाजरा, त्याची बायको, चुलीपाशी. कात्री शफीभाईची खरी, पण तिला धार लावायची हाजरा. मजकूर कापून झाला की शफीभाई पडद्याकडे तोंड करून मोठ्यानं वाचायचा. नोकरीची जाहिरात असली की हाजरानं समजायचं, ही नोकरी आपल्यालाच पाहिजे. मग ती जे विचारेल आणि कागदात सापडणार नाही, ते परत आत घ्यायचं. तिनं काही विचारलं नाही की जाहिरात पक्की.

एका एप्रिलात, ऊन नुसतं भाजून काढत असताना, मुखरूभाऊ दुकानात शिरला. भामरागडजवळच्या कोयनपारचा शेतकरी. तिथं गावकऱ्यांनी वर्गणी काढून एक धर्मार्थ दवाखाना उघडला होता. मुखरूभाऊ त्याचा मंत्री. मंत्री म्हणजे काय, तर आलापल्लीपर्यंत बैलगाडी, पुढं मोटार, अशी खेप ज्याच्या नशिबी तो.

"मिडवाइफ पाहिजे, शफीभाऊ," घाम पुसत तो म्हणाला. "पावसाळ्याच्या आत पाहिजे. मायी पोरगी कमळा बाळंतपणाले आली हाये, पयलंच हाये तिचं. श्रावणात दिवस भरते. एकदा का नदी चढली, का मंग देवच उतरला तं उतरला."

"पहिले कोणी नव्हतं का जी?"

"होत्या ना! दोघीजणी आल्या. पयली गाडीतून उतरलीच नाई. दुसरी उतरली, पाणी पेली, अन् त्याच गाडीनं वापस."

असं म्हणत त्यानं पिशवीतून चार फुलस्केप कागद काढले. अध्यक्षांनी, म्हणजे गावच्या जुन्या मालगुजारांनी, स्वहस्ते लिहिलेलं कामाचं वर्णन. पहिलं अर्धं पान अध्यक्षांचं नाव आणि त्यांच्या तीन पिढ्यांचा दानधर्म. मग उमेदवार सुशील, मितभाषी, देवभोळी, मॅट्रिक पास, भजनाची आवड असलेली पाहिजे. मग सकाळी किती वाजता उठावं. पगार तिसऱ्या पानावर, कंदिलाच्या तेलाच्या हिशेबाखाली लपलेला.

"नागपूरवाल्याचा छोटा चौकोन तीस शब्दांचा," शफीभाई म्हणाला. "तुमच्या अध्यक्षाचं नावच त्यातले दहा खाते."

"मंग?"

"मंग काय, चला, चालवू कात्री."

लाल-निळी पेन्सिल निघाली. दानधर्म उडाला. देवभोळी उडाली. भजनाशी मुखरूभाऊ जरा अडखळला, "अध्यक्षायची लय हौस हाये बाप्पा," पण शफीभाईनं विचारलं, "कमळाले कळा आल्यावर भजन लागन का मिडवाइफ?" तेव्हा भजनही गेलं. मॅट्रिकवर पेन्सिल थांबली.

"मिडवाइफीचं प्रमाणपत्र लिहिलं हाये ना वर. मॅट्रिक नसली तं बाळ निघत नाई का? मॅट्रिक लिहू, तं चांगल्या चांगल्या काम शिकलेल्या बाया अर्जच करनार नाईत."

"काटा. पन गोंडी यायले पायजे ना?"

"पाहिजेच का?"

मुखरूभाऊनं डोकं खाजवलं. "शिकवू ना आमी. दोन महिन्यात शिकते माणूस. मराठी मात्र पायजे."

"मंग मराठी आवश्यक. गोंडी गावात शिकवा, पेपरात नको."

शफीभाईनं कागद उचलला आणि पडद्याकडे वाचला: 'पाहिजे. प्रमाणपत्रधारक मिडवाइफ. मराठी आवश्यक. जिल्हा चांदा. मासिक ९० रु. व इतर सोयी. अर्ज १५ मेपर्यंत शफी जाहिरातवाले, जटपुरा, चांदा.'

पडद्याआड फोडणी चुरचुरली. मग आवाज आला.

"इतर सोयी म्हंजे काय? खाट का खटारा?"

"घर हाये, तांदूळ हाये," मुखरूभाऊ घाईनं म्हणाला. "पगार पंचाहत्तर, महागाई पंधरा."

"मंग तसं लिहा ना. नव्वद म्हणून बोलावान अन् पंचाहत्तरवर सही घ्यान. अन् जिल्हा चांदा म्हंजे कुठी? हा जिल्हा काय एवढासा हाये? मी तं बापा चांदा शहर समजून टिकली-पावडर लावून येईन."

मुखरूभाऊ खुर्चीत चुळबुळला. आवाज खाली आणून शफीभाईला म्हणाला, "ते नका लिहू जी. अध्यक्षायनंच सांगतलं हाये, भामरागड म्हटलं का कोणी कुत्रं येत नाई. एकदा आली, का मंग समजावू."

"दोघीयले समजावलं होतं ना?" पडद्याला कान होते. "भाऊ, तिसरी पाणी पिऊन गेली, का मंग चौथीले टाईम कुठी हाये? नदी थांबते का तुमच्यासाठी?"

मुखरूभाऊ बोटांवर श्रावणापर्यंतचे महिने मोजू लागला. शफीभाईनं पेन्सिल खाली ठेवली. असा मजकूर त्यानं आजवर कधी लिहिला नव्हता. जाहिरात म्हणजे वांगं पुसून चकचकीत मांडायचं, किडकी बाजू खाली. पण वांगं घरी नेल्यावर परत आणणारं गिऱ्हाईक जवळच्या बाजारात परवडतं. इथं बाजार आलापल्लीच्या पल्याड होता.

"कोयनपार, भामरागडजवळ," तो लिहिता लिहिता म्हणाला. "अन् पुढचंही टाकतो. पावसाळ्यात रस्ता बंद."

"मेलो!" मुखरूभाऊ म्हणाला.

"येणारी तेवढीच येईल. पण आली तं राहील."

आणि नागपूरला गेलं ते हे:

'पाहिजे. प्रमाणपत्रधारक मिडवाइफ. मराठी आवश्यक. कोयनपार, भामरागडजवळ, जि. चांदा, पावसाळ्यात रस्ता बंद. पगार मासिक ७५ रु., महागाई १५, घर व तांदूळ मोफत. अर्ज १५ मेपर्यंत: शफी जाहिरातवाले, जटपुरा, चांदा.'

हाजरानं काही विचारलं नाही.

जाहिरात छापून आली. मे उजाडला, ऊन वाढलं, पोस्टमन दुकानावरून सरळ पुढं जाऊ लागला. शफीभाईला भाकर गोड लागेना. "एक शब्द कमी लिहिला असता, तं दहा अर्ज आले असते," तो रात्रंदिवस पुटपुटायचा. "अन् दहा वापस गेल्या असत्या," हाजरा म्हणायची, पण तिचाही आवाज जरा बसलाच होता.

मुदतीच्या आदल्या दिवशी टांगा थांबला. चाळिशीची, रुंद बांध्याची एक बाई उतरली. लोखंडी पेटी, दोन पोती, छत्री. अर्ज पाठवायच्या भानगडीत ती पडलीच नव्हती.

"सुगंधाबाई. वर्ध्याहून आली. हे प्रमाणपत्र. पोत्यात मीठ, मिरची, साबण हाये चार महिन्याचं. रस्ता बंद होतो म्हणून लिहिलं होतं."

शफीभाईनं प्रमाणपत्र उलटसुलट पाहिलं. पक्कं होतं.

"एक विचारू?" बाई म्हणाली. "रस्ता बंद म्हंजे एकदमच बंद ना? कोणीच येऊ शकत नाई?"

शफीभाईनं प्रमाणपत्र हलकेच परत केलं. "कोणीच नाई, बाई. खोटं कशाले बोलू."

"मायले! माया दीरही नाई?"

"तोही नाई."

"मंग गाडी कवा निघते?"

पडद्याआडून हाजराचं हसू आधी आलं, मग चहा आला.

मुखरूभाऊ पुन्हा दिसला तो कार्तिकात, रस्ता सुरू झाल्यावर. नात झाली होती. काळीसावळी, आवाजानं आजावर गेलेली. अध्यक्ष म्हणे अजून रुसून होते, जाहिरातीत नाव आलं नाही म्हणून. त्यांचं नाव दवाखान्याच्या पाटीवर तीन पिढ्यांसकट रंगवून दिलं, तेव्हा कुठं बोलू लागले.

"अन् बाई?" हाजरानं पडदाच बाजूला सारला. "रस्ता सुरू झाला, तं दीर नाई आला का?"

"आला ना! पयल्याच गाडीनं. म्हणे, घरी चाल, म्हशी पाहाले कोणी नाई. बाईनं त्याले ओसरीवर बसवलं, चहा पाजला, अन् त्याच गाडीनं वापस धाडलं." मुखरूभाऊनं मांडीवर थाप मारली. "आमच्या गावाले सवयच हाये जी तशी. फक्त यावेळी बाई राह्यली, दुसराच गेला."