पेन्सिलीने लिहिलेलं ‘एक्झॅक्ट’

एम-टूमध्ये, म्हणजे इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या गणितात, माझी केटी होती. केटी म्हणजे नापासच, फक्त कॉलेजात लाडाने बोलतात. आणि ही दुसरी केटी! या वेळी नाही सुटली तर थर्ड इयरची अ‍ॅडमिशन नाही, वर्ष गेलं, संपलं. माझ्याच बिल्डिंगमधल्या मैत्रिणीचीही सेम वाट लागलेली, त्यामुळे आम्ही दोघी रोज दुपारी सोसायटीच्या ऑफिसात बसायचो. मुलुंडमध्ये फुकट पंखा आणि टेबल आणखी कुठे मिळणार?

आमच्याकडे खजिना होता. माझ्या मावसभावाचे, म्हणजे दादाचे, जुने पेपर. कितीतरी वर्षांचे! आणि भारी गोष्ट ही की डिफरन्शियल इक्वेशनच्या प्रत्येक प्रश्नाशेजारी त्याने पेन्सिलीने टाइप लिहून ठेवलेला. लिनिअर, एक्झॅक्ट, होमोजिनिअस, बर्नोली. आमच्या सरांचं म्हणणंच होतं, “टाइप ओळखला की अर्धं गणित सुटलं.” मग आम्ही सोडवायचंच सोडून दिलं आणि नुसतं ओळखायला लागलो. एकीने समीकरण वाचायचं, दुसरीने दहा सेकंदांत टाइप सांगायचा. उत्तर? पेन्सिल सांगेल ते.

मैत्रीण सुसाट होती. मी हरत होते.

परीक्षेला चार दिवस राहिले होते. तिने विचारलं, “(x² + y²)dx − 2xy dy = 0. बोल पटकन!”

“होमोजिनिअस.”

“चूक! एक्झॅक्ट.”

“अगं, सगळ्या टर्मची डिग्री दोन आहे ना!”

“दादाने एक्झॅक्ट लिहिलंय. तू दादापेक्षा हुशार का?”

मी चिडले. वही ओढली. एक्झॅक्टची टेस्ट काय, dx ला जोडलेलं y ने डिफरन्शिएट करा, dy ला जोडलेलं x ने करा, दोन्ही सेम आले पाहिजेत. इकडे आलं 2y. तिकडे आलं −2y.

“मायनस,” मी म्हटलं.

“थांब.” तिने स्वतः केलं. परत केलं. “मायनसच येतंय गं.”

मग तिने हळूच पुढचा पेपर उघडला. dy/dx + y = xy³. शेजारी पेन्सिल: लिनिअर.

“उजवीकडे y चा क्यूब आहे! हे बर्नोली आहे! y³ ने भागून y⁻² ला v म्हटलं की मग लिनिअर होतं!” मी ओरडले.

मी तिथूनच दादाला फोन लावला. तो घाटकोपरला राहतो, आता मोठ्या कंपनीत आहे, आम्हाला करिअरवर लेक्चर देतो.

“दादा, ते पेन्सिलीचं तू कधी लिहिलंस?”

“कुठलं? अच्छा ते! अगं ते तिसऱ्या केटीच्या वेळी.”

“आणि ती सुटली?”

“नाही गं. चौथीत सुटली. का?”

मैत्रीण टेबलावर डोकं ठेवून हसत होती की रडत होती, कळेना. ऑफिसात मेंटेनन्सचा चेक द्यायला आलेले काका घाबरून म्हणाले, “बाळा, पाणी आणू का?”

मग आम्ही दादाचे टाइप एका कागदावर उतरवले, खोडरबर घेतला आणि सगळं खोडलं. सगळं! आणि एकेक समीकरण स्वतः तपासलं. x आणि y वेगळे होतायत का? डिग्री सारखी आहे का? एक्झॅक्टची टेस्ट लागते का? y एकटा आहे की पॉवर घेऊन बसलाय? एकोणीसपैकी पाच टाइप दादाचे चुकलेले निघाले. चार दिवस आम्ही भाजीच्या पिशवीकडे बघूनसुद्धा डिग्री मोजत होतो.

पेपरात आलं: (1 + y²)dx = (tan⁻¹y − x)dy. एका बाजूला आणून टेस्ट केली: 2y आणि 1. एक्झॅक्ट नाही. होमोजिनिअस तर नाहीच. dy/dx करून बघितलं, भयंकर दिसत होतं. आणि मग दिसलं, x बिचारा साधा आहे, पॉवर नाही, काही नाही, गोंधळ सगळा y चा! उलटं केलं, dx/dy. झालं ना, x मध्ये लिनिअर! इंटिग्रेटिंग फॅक्टर e^(tan⁻¹y). मी इतक्या जोरात लिहिलं की सुपरवायझर मॅडम जवळ येऊन उभ्या राहिल्या.

बाहेर आल्यावर मैत्रिणीने विचारलं, “उलटं केलंस?”

“केलं! तू?”

“केलं!” आम्ही जिन्यातच नाचलो. मागून एक मुलगा ओरडला, “ते एक्झॅक्ट होतं यार!” आम्ही त्याला फक्त ‘बेस्ट लक’ म्हटलं. त्याचा अजून एक पेपर बाकी होता.

दोघी सुटलो. मला पासिंगपेक्षा दोनच मार्क जास्त, पण सुटले! दादा पेढे खायला आला आणि आईला म्हणाला, “बघ मावशी, माझ्या पेपरांमुळे पास झाली.” मी त्याला दुसरा पेढा दिला. खोटं कुठे बोलत होता तो?