आबांचा फंड तीस वर्षं पुरेल का?

नव्वदच्या सुमारास आमच्या घरात कुठल्याही मोठ्या मागणीला एकच उत्तर असायचं: फंड मिळू दे. माडीवर खोली? फंड मिळू दे. आईला काश्मीर बघायचंय? फंड मिळू दे. आबा, म्हणजे माझे वडील, शिरोलीच्या एका कारखान्यात मशीन शॉपचे फोरमन होते. त्यांच्या पगारातून दर महिन्याला प्रॉव्हिडंट फंड कापला जायचा, आणि कधी डोळ्यांना न दिसलेल्या त्या पैशांवर आम्ही सगळे खुशाल मनोरे रचायचो. संध्याकाळी आबा घरी आले की त्यांच्या कपड्यांना मशीन थंड ठेवणाऱ्या कूलंटचा आणि तापलेल्या लोखंडाचा वास यायचा. अजूनही एखाद्या वर्कशॉपवरून जाताना तो वास आला की माझी चाल आपोआप मंदावते.

दोन हजार आठ सालाच्या सुरुवातीला आबा निवृत्त झाले. फंड आणि ग्रॅच्युइटी मिळून वीस लाख आले. कारखान्याची पेन्शन होती, पण तिच्यात विजेचं आणि टेलिफोनचं बिल भागलं तरी खूप. मी तेव्हा लग्न होऊन राजारामपुरीत राहत होते आणि एका कर सल्लागाराच्या ऑफिसात नोकरी करत होते, त्यामुळे घरातली अर्थमंत्री मीच. वीस लाख एका म्युच्युअल फंडात ठेवले, थोडे शेअरमध्ये, जास्त रोख्यांत. त्यातून दर महिन्याला घरखर्चाचे सात हजार चारशे आपोआप बँकेत जमा व्हायचे. फंडवाले तेवढ्या रकमेची युनिटं, म्हणजे फंडातले आपले हिस्से, विकायचे आणि बाकीचे पैसे वाढत राहायचे.

पुरणार किती दिवस, हे बघायला मी कॉम्प्युटरवर एक तक्ता केला. पैसे वर्षाला आठ टक्क्यांनी वाढतील, महागाईपायी खर्च दरवर्षी सहा टक्क्यांनी वाढेल, असं धरलं. शिल्लक संपते त्या वर्षी ओळ लाल व्हायची. मुदत धरली तीस वर्षं. आबा अठ्ठावन्नचे होते, पण आई बावन्नची होती, आणि हिशेब तिच्या ब्याऐंशीपर्यंत टिकायला हवा होता. वीस लाख कसेबसे तिसाव्या वर्षाच्या पार गेले. आबा खूश झाले.

पण खुशी चार दिवसांची. त्यांना घरात करमेना. आयुष्यभर कॅलिपरनं जाडी मोजत मायक्रॉनमध्ये बोललेला माणूस, तो आता स्वयंपाकघरात उभा राहून आईच्या कामावर नजर ठेवायला लागला.

"भाकरी एकीकडं जाड हाय," ते म्हणाले.

"मग कॅलिपर लावा की," आई म्हणाली, आणि तवा असा आपटला की शेजारच्या काकू दारात आल्या.

त्याच वर्षी बाजार कोसळला. दिवाळीच्या पाडव्याला मी माहेरी गेले तेव्हा तक्ता पुन्हा करायला नवऱ्याचा लॅपटॉप घेऊन गेले होते. आबांच्या तोंडात मात्र अजून वीसच लाख. "आपलं वीस लाख हाईत," असं ते पाहुण्यारावळ्यांत सांगायचे, जसं काही ते तिजोरीत गठ्ठे बांधून ठेवलेत.

"वीस धर. पडलाय तसा चढंल बी," ते मला म्हणाले.

आई फराळाचं ताट घेऊन आली होती. ती तिथंच थांबली. "आज इकलं तर किती येत्यात?"

मी त्या दिवशीचा युनिटचा दर बघितला. "सोळा लाख."

"मग सोळाच लिही. व्हतं किती आन् येतील किती, ते नको. हाईत किती, ते लिही."

मी सोळा लिहिलं. शिल्लक तेविसाव्या वर्षीच संपली, आणि पडद्यावर लाल ओळ आली.

"तवा मी पंच्याहत्तरची," आई म्हणाली. "म्होरं काय खाऊ?"

आबांनी चकलीचा तुकडा परत ताटात ठेवला. मला त्यांचा इतका कळवळा आला की तो लॅपटॉप मिटून टाकावासा वाटला. तीस वर्षं पुरवायचं तर महिन्याला सहा हजारांच्या आतच भागवावं लागणार होतं, आणि आईनं आधीच काटकसरीचा कळस गाठलेला. शिवाय दर पडलेला असताना तेवढ्याच रकमेसाठी जास्त युनिटं विकली जात होती, हे मी समजावून सांगितलं. आबांना ते चटकन पटलं.

"मग काढायचंच बंद करूया," ते म्हणाले. "मी कामाला जातो."

उद्यमनगरात त्यांच्याच हाताखाली शिकलेल्या एकाचं छोटं वर्कशॉप होतं. आबा तिथं तयार माल तपासायला जाऊ लागले. पगार आठ हजार. त्यात घर चालायचं आणि फंडाला हात लावायची गरज पडायची नाही. आई पुन्हा पहाटे उठून डबा करायला लागली, आणि कपड्यांना पुन्हा तो वास यायला लागला. दुपारी फोन केला तर मागून मशिनांचा आवाज यायचा आणि आबा ओरडून सांगायचे, "नंतर बोलतो, हितं सगळी गाढवं हाईत!" एवढ्या आनंदानं गाढव म्हणणारा माणूस मी दुसरा बघितला नाही. आईची भाकरीही पुन्हा निवांत झाली.

पुढच्या पाडव्याला मी गेले तर आईनं मला दंडाला धरून स्वयंपाकघरात ओढलं.

"यंदा आकडा जरा कमी लिही."

"का?"

"बाजार चढलाय म्हणं. पैसं पुरलं तर हे घरात बसतील की."

"आई, गेल्या वर्षी तूच म्हणालीस, हाईत तेवढंच लिही!"

"म्हणलं व्हतं. तवा खरं कळायला पायजे व्हतं. आता कळलं न्हाय तरी चालतंय." तिनं माझ्याकडं बघायचं टाळलं. "वरीसभर झोपलेत नीट. मला ते बघायचंय."

पण मला जमेना. खोटं लिहिलं असतं तर आबांनी सरळ फंडाचा कागद मागितला असता. तपासणी हा त्यांचा पेशाच होता. मी त्या दिवशीचं खरं मूल्य घातलं: साडेएकवीस लाख. खर्च महागाईनं वाढून सात हजार साडेआठशे. आईच्या ब्याऐंशीपर्यंतची उरलेली एकोणतीस वर्षं शिल्लक राहिली. कुठंही लाल ओळ नाही.

"पुरतंय," मी म्हटलं.

"पुरतंय व्हय," आबा म्हणाले. त्यांनी चष्मा काढला आणि नुसताच पुसत राहिले. आयुष्यभर ज्याची वाट बघितली ते समोर उभं होतं, आणि घरात कुणाचाच चेहरा सणाचा नव्हता.

मग त्यांनी चष्मा घातला आणि खुर्ची पुढं ओढली. "दवाखाना किती धरलास?"

"घरखर्चातच आहे."

"छे. वय वाढतंय. महिन्याला अडीचशे वेगळं धर."

मी धरले. ओळ अजून काळीच.

"आन् हिच्या गुडघ्याचं?"

"गुडघं?" आई म्हणाली. क्षणभर तिनं त्यांच्याकडं बघितलं. मग मटकन खाली बसून तिनं दोन्ही गुडघ्यांवर हात ठेवले. "लई दुखत्यात. लिही साडेतीनशे."

मी लिहिले. अठ्ठावीस वर्षांनंतर ओळ लाल झाली.

"पुरत न्हाय की!" आबा ओरडले, कुस्ती मारल्यासारखे, आणि आईला म्हणाले, "उद्या डब्याला काय करतीस?"