बाकाचा लोखंडी पाय

आमच्या आंजीच्या शाळेत विज्ञानाच्या नव्या बाई आल्या आणि माझ्या पोटात दुखायला लागलं. बावीस वर्षं मी तिथं विज्ञान शिकवत होतो, पण माझ्या तासाला पोरं मधली सुट्टी कधी विसरली नाहीत. बाईंच्या तासाला विसरली.

जानेवारीतला तो तास मी दाराशी उभा राहून ऐकला. बाईंनी पोरांना बाकाच्या फळीला आणि लोखंडी पायाला हात लावायला सांगितलं. लोखंड जास्त गार, सगळे म्हणाले. मग दोन्हींना तापमापी बांधून ठेवली. दोन्हीकडे एकोणीस अंश. लोखंड हाताची ऊब भराभर ओढून नेतं, लाकूड सावकाश, म्हणून हात फसतो, एवढंच त्यांनी समजावलं. हेच मी दरवर्षी फळ्यावर लिहून द्यायचो. घरी येऊन धड जेवलो नाही.

मे महिन्यात आर्वीला शिक्षकांचं प्रशिक्षण होतं. शिक्षण खात्याचे साहेब त्यातून जिल्ह्यासाठी एक विज्ञान मार्गदर्शक निवडणार होते. मीही नाव दिलं होतं. माझा नमुना तास पहिल्या दिवशी झाला, त्यात दोघं शिक्षक घोरले. दुसऱ्या दिवशी बाई तोच प्रयोग करणार होत्या.

त्यांचा तास दुपारी होता, मी लवकर जाऊन बसलो. लाईट गेलेली, कूलर बंद. सहज बाकाच्या पायाला हात लागला आणि झटकन मागे घेतला. लोखंड गरम होतं. फळी तेवढी नव्हती. लगेच उमगलं. हॉलमध्येच बेचाळीस अंश, हाताची कातडी त्याहून गार. म्हणजे आज लोखंड ऊब नेणार नव्हतं, देणार होतं. तेही भराभर. बाईंचा प्रयोग साफ आपटणार होता. मी मनात हसलो आणि गप्प बसलो.

झालंही तसंच. लोखंड गार नाही, गरम लागतं, सगळे म्हणाले. बाईंनी स्वतः हात लावून पाहिला. मागून कुणीतरी हसलं. एवढ्याचीच तर मी वाट बघत होतो. पण बाईंनी तापमापी पाहिली, दोन्हीकडे बेचाळीस. मग स्वतःच्या तळहाताकडे पाहत, अडखळत, त्या मोठ्यानं विचार करू लागल्या आणि सगळ्यांच्या देखत उत्तरापर्यंत पोचल्या. झोपलेलेही उठून बाक चाचपत होते. साहेबांनी तिथंच त्यांचं नाव लिहून घेतलं.

परतीच्या एसटीत त्या माझ्या शेजारी बसल्या.

"सर, दुपारी तुमी हात मागं घेतला तो मी दारातून पाह्यला. तुमाले तवाच समजलं होतं ना?"

मी खिडकीबाहेर बघत मान डोलावली.

"बरं झालं सांगितलं नाई. सांगितलं असतं तर मले सापडलं नसतं."

त्यात टोमणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. टोमणा मी सहन केला असता.