नाइलाज माझ्या नावावर

२०२३ साली मी चौऱ्याहत्तर वर्षांचा होतो. नातवाची बारावी झाली होती. इंजिनिअरिंग की चित्रकला, एवढंच ठरायचं होतं, आणि फॉर्मची मुदत दुसऱ्या दिवशी संपत होती. त्याचा दोस्त लष्करात भरती झालेला. तिथं फोन चालत नाही, म्हणून यानं त्याला पत्र लिहिलं आणि शाहूपुरीतल्या टपालपेटीत टाकायला माझ्याकडं दिलं. पाकीट उघडंच. मला शंका आली. मी चौथी शिकलेला, पण वाचतो की.

'आजोबांचा हट्ट म्हणून इंजिनिअरिंग घेतोय. माझा नाइलाज आहे.'

मी त्याला समोर बसवलं. "मी कवा हट्ट केला रं?"

"मी विचारलं तवा तुम्हीच म्हणालासा, इंजिनिअर हो."

"आन् विचारायला मीच बरा घावलो? मामा तुझा पाट्या रंगवतोय. त्याला का न्हाय विचारलंस?"

मामा चित्रकलाच घे म्हणाला असता, हे पोराला पक्कं ठाऊक होतं. मग आवडीची चित्रं जमली नाहीत तर दोष त्याचा स्वतःचा. इंजिनिअरिंगात नापास झाला, तर माझा. बेट्यानं उत्तर आधी ठरवलं आणि मग सल्ला द्यायला माणूस निवडला.

"मग आता काय भरू, आजोबा?" त्यानं विचारलं.

बघा, परत मलाच!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फोन घरीच ठेवला आणि पहिल्या एसटीनं शाहूवाडीकडं बहिणीच्या गावाला गेलो.